आवाज नसलेल्या जुन्या फिल्ममधलं बोलणं ओळखायला सॉफ्टवेअर सुचवा

गौरी_ठाणे: आजोबांची सुपर ८ फिल्म डिजिटल करून घेतली. ते कॅमेऱ्याकडे बघून काहीतरी बोलतात, पण आवाज नाही. आत्याच्या मते ते "पोरी, इकडे ये" म्हणतात, बाबांच्या मते "मावशीला हाक मार". ओठांवरून ओळखणारं काही आहे का?

निखिल: लिपनेट बघा. ऑक्सफर्डचं, २०१६ चं. ९५ टक्के अचूक आहे.

स्वरूपा_क: आकडा खरा आहे, पण तो सहा-सहा शब्दांच्या ठरीव इंग्रजी वाक्यांवरचा. एकूण शब्द ५१ आणि बोलणारा कॅमेऱ्यासमोर स्थिर. त्याच सुमारास बीबीसीच्या कार्यक्रमांवर असाच प्रयोग झाला, तेव्हा निम्मे शब्द चुकले. नवी मॉडेल्स बरीच सुधारली आहेत, पण मुख्यतः इंग्रजी भाषणांवर.

मूळ अडचण तोंडातच आहे. पार, बार, भार, मार हे शब्द आरशासमोर आवाज न काढता म्हणून बघा, ओठ सारखेच हलतात. घशातला कंप, नाकातून जाणारी हवा कॅमेऱ्याला दिसत नाही. क, ग तर पार मागे उच्चारले जातात. मग मॉडेल वाक्यात शोभेल तो शब्द निवडतं. म्हणून चुकलेलं उत्तरही सफाईदार वाक्यच असतं, आणि इंग्रजीवर शिकलेलं मॉडेल आजोबांच्या तोंडी इंग्रजी घालेल.

विनायक_पुणे: आमच्या पार्किंगमध्ये शेजाऱ्याने धमकी दिली. सीसीटीव्हीत दिसतंय, आवाज नाही. पोलिसांना मजकूर काढून द्यायचाय.

निखिल: एमआयटीने चिप्सच्या पाकिटाच्या थरथरीवरून आवाज काढला होता की.

स्वरूपा_क: त्यातले सर्वांत चांगले निकाल सेकंदाला हजारो फ्रेम घेणाऱ्या कॅमेऱ्याचे होते. विनायकराव, तुमच्या चित्रात तोंड जेमतेम दहा-पंधरा पिक्सेलचं असेल. मूळ फुटेज जपून द्या, काढलेला मजकूर जोडू नका. खात्री करायची तर त्याच जागी उभं राहून ठाऊक असलेली वाक्यं बोला आणि सॉफ्टवेअर काय देतं ते बघा.

गौरी, तुझं काम सोपं आहे, कारण तुझ्याकडे दोनच पर्याय आहेत. सॉफ्टवेअर सोड, एकेक फ्रेम बघ. आत्याच्या वाक्यात ओठ एकदाच मिटतात, सुरुवातीला, आणि लगेच गोल होतात. बाबांच्या वाक्यात दोनदा मिटतात, पहिल्या आणि शेवटच्या 'मा'ला. सुपर ८ साधारण सेकंदाला १८ फ्रेमची, म्हणजे मिटलेले ओठ एखाद-दुसऱ्या फ्रेममध्येच सापडतील.

गौरी_ठाणे: बघितलं. सुरुवातीला मिटतात, पण गोल झाले की नाही ते मिशीमुळे कळत नाही. शेवटी मान वळते.

स्वरूपा_क: मान वळायच्या आधी 'हा'ला तोंड मोठं उघडतं का? 'इकडे'च्या 'इ'ला ते तसं उघडणार नाही. पण दोन्ही वाक्यं चुकीची असू शकतात, आणि 'पोरी' की 'मोरी' हे तर ओठांवरून कधीच ठरणार नाही.

गौरी_ठाणे: थोडं उघडतं. आत्याला मान्य नाही.