शब्दचर्चा: सहलीच्या करारातले ‘फोर्स माज्योर’, ‘नॉन-रिफंडेबल डिपॉझिट’ आणि ‘सिंगल सप्लिमेंट’

मुग्धा
एका सहल कंपनीचा युरोप दौऱ्याचा बुकिंग फॉर्म मराठीत करते आहे. येणारे बरेचसे लोक साठीच्या पुढचे आहेत, सही करण्यापूर्वी फॉर्म खरोखर वाचणारे. कंपनीकडे आधीचा एक मराठी मसुदा आहे. त्यात फोर्स माज्योरला, म्हणजे आवाक्याबाहेरच्या घटनेमुळे करार पाळता न येण्याला, ‘अपरिहार्य बल’, नॉन-रिफंडेबल डिपॉझिटला ‘अप्रतिदेय अनामत’ आणि सिंगल सप्लिमेंटला ‘एकल पूरक’ असे छापले आहे. यातून कोणालाच काही कळणार नाही. तुम्ही काय लिहाल?

दिनकर कुलकर्णी
पहिल्याला सरळ ‘दैवी आपत्ती’ म्हणा. भूकंप, पूर, वादळ सगळे त्यात येते, आणि विम्याच्या कागदांमुळे लोकांच्या कानांवरूनही गेलेला शब्द आहे.

वैशाली, वकील
दिनकरकाका, निम्मे बरोबर आहे. २०१३ च्या जूनमधला केदारनाथचा प्रलय दैवी आपत्तीत बसतो. पण २०२० च्या मार्चमध्ये विमाने थांबली ती सरकारच्या आदेशाने. व्हिसा देणे अचानक बंद होणे, संप, युद्ध यांत दैवी काय? आपल्याकडच्या सर्वोच्च न्यायालयानेही १९६१ च्या एका निकालात फोर्स माज्योरचा अर्थ दैवी आपत्तीपेक्षा मोठा धरला आहे. ‘दैवी’ लिहिले, तर संपामुळे दौरा रद्द झाल्यावर ग्राहक म्हणेल की हे कलम मला लागूच नाही, आणि मराठी मजकूर त्याच्या बाजूने असेल.

श्रीपाद
मग आपला जुना जोडशब्द आहेच की! अस्मानी-सुलतानी. अस्मानी म्हणजे निसर्गाचा तडाखा, सुलतानी म्हणजे राजसत्तेचा. दोन्ही बाजू एका दमात आल्या.

मुग्धा
श्रीपाद, फार सुंदर! माझ्या डोक्यातच आला नव्हता. पण संप सुलतानी म्हणायचा का? आणि करारात ‘सुलतानी’ लिहिले तर कंपनीचा माणूस दचकेल.

वैशाली, वकील
माहितीपत्रकात जरूर वापरा, वाचणाऱ्याला पटकन उमजेल. करारात मात्र एका नामावर भार टाकू नका, वाक्य लिहा. मी असे लिहीन: “नैसर्गिक आपत्ती, साथ, युद्ध, दंगल, संप, सरकारी बंदी किंवा विमानसेवा बंद पडणे अशा, कंपनीच्या आवाक्याबाहेरच्या घटनेमुळे दौरा होऊ शकला नाही तर…” आणि या ‘तर’च्या पुढे पैशांचे काय ते आलेच पाहिजे. मूळ कलमात पुढे काय आहे?

मुग्धा
मूळ वाक्य एवढेच की कंपनी जबाबदार राहणार नाही. परताव्याबद्दल अक्षर नाही.

वैशाली, वकील
तीच मेख आहे. ‘जबाबदार राहणार नाही’ याचा अर्थ कंपनी ‘पैसे बुडाले’ असा घेते आणि ग्राहक ‘नुकसानभरपाई नाही, पण माझे पैसे परत’ असा घेतो. २०१० च्या एप्रिलमध्ये आइसलँडच्या ज्वालामुखीच्या राखेने युरोपातली विमाने कित्येक दिवस जमिनीवर होती. तशी वेळ पुन्हा आली, तर विमानाचे पैसे, हॉटेलचे पैसे आणि अडकलेल्या लोकांच्या जास्तीच्या रात्रींचा खर्च या तिन्हींचा हिशेब वेगवेगळा होईल. तो अनुवादिकेने ठरवायचा नाही. कंपनीला लेखी विचारा आणि उत्तर मिळेपर्यंत ती जागा मोकळी ठेवा.

आणखी एक. ‘अडचणीची परिस्थिती’ असला पसरट शब्द नको. युरो महागला, भाडे वाढले, म्हणून दौरा परवडेना, हे फोर्स माज्योर नव्हे. २०१७ मध्ये वीज कंपन्यांनी परदेशी कोळसा महागल्याचे कारण पुढे केले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केले नाही.

संजीवनी
मी विचारू का? आईच्या गुडघ्याचे ऑपरेशन अचानक ठरले, म्हणून आम्ही दौरा रद्द केला. कंपनीने भरलेले पैसे दिले नाहीत. हेही आवाक्याबाहेरचेच ना? मग आम्हाला हे कलम का नाही?

वैशाली, वकील
संजीवनीताई, तुमच्या आवाक्याबाहेरचे होते हे खरेच. पण दौरा ठरल्याप्रमाणे निघाला, म्हणून कागदावर ते ‘ग्राहकाने रद्द केले’ या सदरात जाते. प्रवास विम्यात दौरा रद्द होण्याचे संरक्षण घेतले होते का, ते आधी पाहा. आणि किती दिवस आधी कळवले त्याची तारीख शोधून ठेवा, कपात त्यावर ठरते.

मुग्धा
म्हणजे गाडी डिपॉझिटवर आली. दौरा १,८०,००० रुपयांचा, बुकिंगच्या वेळी ३०,००० भरायचे. फॉर्म म्हणतो, हे पैसे कोणत्याही परिस्थितीत परत नाहीत. मला ‘अनामत’ खटकते. भाड्याच्या घराची अनामत परत मिळते. परत न मिळणारी अनामत कसली?

दिनकर कुलकर्णी
निवडणुकीत अनामत जप्त होते की!

श्रीपाद
काका, जप्त होते म्हणून तर बातमी होते. एक-षष्ठांशाहून जास्त मते पडली की ती परतच मिळते. इथे हवा ‘इसार’. जमिनीच्या व्यवहारात इसार देतात, तो एकूण किमतीतच धरतात, आणि जमीन विकत घेणारा मागे फिरला की बुडतो. हे ३०,००० तसेच आहेत.

मुग्धा
अर्थ अगदी चपखल. पण माझ्या भाचीला विचारले तर तिला इसार माहीत नव्हता. ‘बुकिंगची रक्कम’ लिहून पुढे वाक्य जोडते: “ही रक्कम दौऱ्याच्या एकूण किमतीत धरली जाईल. तुम्ही बुकिंग रद्द केल्यास ती परत मिळणार नाही.”

वैशाली, वकील
‘तुम्ही रद्द केल्यास’ हे तुम्ही घातलेत. मूळात ‘कोणत्याही परिस्थितीत’ आहे. कंपनीने स्वतःच, पुरेसे लोक जमले नाहीत म्हणून, दौरा रद्द केला तर? तेव्हाही ३०,००० ठेवून घेणे ग्राहक कायद्यापुढे टिकणे कठीण. तरी न विचारता बदलू नका. दोन भाषांतल्या मजकुरांत फरक पडला तर कोणता ग्राह्य, तेही फॉर्मवर हवे.

श्रीपाद
मला हे पटत नाही. वाचणाऱ्याची फसगत होते आहे हे दिसत असताना अनुवादकाने हात बांधून बसायचे?

वैशाली, वकील
बसायचे नाही, कंपनीला सांगायचे. पण सही होणार आहे त्या कागदात आपला न्याय घुसवायचा नाही.

अविनाश, टूर मॅनेजर
तिसऱ्या शब्दाबद्दल सांगतो, कारण रोज त्यावरून वाद ऐकतो. लोकांना वाटते एकट्या माणसाला दंड लावला. दौऱ्याची किंमत ‘दोघांत एक खोली’ धरून काढलेली असते. समजा दोघांच्या खोलीला रात्रीचे ९,००० पडतात. ८ रात्रींचे ७२,०००, म्हणजे माणशी ३६,०००. एकट्याची खोली ७,००० ला मिळाली तर ५६,०००. फरक २०,०००, तेच सिंगल सप्लिमेंट. बस, गाइड, जेवण यांत काही वाढत नाही.

दिनकर कुलकर्णी
मग ‘एकट्याच्या खोलीचा जादा आकार’.

मुग्धा
काका, हे घेतले! ‘खोली’ शब्द आल्यावर पैसे कशाचे ते लगेच कळते.

अविनाश, टूर मॅनेजर
एक जोडा. जोडीदार शोधून द्या असे काही जण सांगतात. आम्ही शोधतो, पण मिळाला नाही तर हा आकार त्यांनाच भरावा लागतो, आणि ते निघायच्या थोडे आधी कळते. फॉर्ममध्ये हे नसले की विमानतळावर भांडण होते.

मुग्धा
ते फॉर्ममध्ये कुठेच नाही. परताव्याच्या प्रश्नासोबत हाही कंपनीला पाठवते. उत्तर आले की इथेच लिहीन.

संजीवनी
तारीख सापडली. ४० दिवस आधी ईमेल केला होता. फॉर्ममध्ये ३० दिवसांच्या आत रद्द केले तरच पूर्ण रक्कम जाईल असे आहे.

वैशाली, वकील
मग तो फॉर्म नीट काढून ठेवा आणि आधी कंपनीला लेखी विचारा, कोणत्या अटीने किती कापले.