दीड हजारात दहा वर्षांच्या मुलासाठी काय: स्कॉटलंड यार्ड की विजेचं किट?

मावशी_जुळे_सोलापूर
भाच्याला या महिन्यात दहा वर्षं पूर्ण होतायत. घरात तो, आई-बाबा आणि आजी. नव्या पेठेत दोन वस्तू बघून ठेवल्यात, स्कॉटलंड यार्ड नावाचा बोर्ड गेम आणि '१०० प्रयोग' लिहिलेलं विजेचं किट. दीड हजारात दोन्हीपैकी एकच बसतं. कशाने नेमकं काय येईल, आणि कंपनी भरवशाची आहे हे दुकानात उभ्या उभ्या कसं ओळखायचं?

कडकभाकरी
डोळे झाकून किट घ्या. पुठ्ठ्यावर सोंगट्या सरकवून हाताला काय वळण लागणार? स्वतः वायर जोडली आणि दिवा लागला की पोरगं ते जन्मात विसरत नाही. शिवाय शंभर प्रयोग म्हणजे वर्षभराची सोय. गेम आठवड्यात कपाटावर जातो.

रेझिस्टन्स_६८
ताई, तो शंभरचा आकडा आधी विसरा आणि खोकं उलटं करून सामानाची यादी वाचा. बहुतेक वेळा दोन सेलचा होल्डर, एक मोटर, छोटा बल्ब, एक-दोन एलईडी, बझर, स्विच आणि सात-आठ वायरी एवढंच निघतं. यातून खरोखर वेगळ्या जोडण्या दहा-बारा होतात. बल्बच्या जागी बझर लावला की प्रयोग ३७, बझरच्या जागी मोटर लावली की प्रयोग ३८, अशी ती शंभरी भरते. खेळायला वाईट नाही, पण आकड्याचे पैसे मोजू नका.

यादीत मी एकच गोष्ट शोधेन: एलईडीसोबत रेझिस्टन्स दिलाय का. दोन पेन्सिल सेल मिळून ३ व्होल्ट होतात. लाल एलईडीला साधारण २ व्होल्ट पुरतात. उरलेला १ व्होल्ट कुठेतरी जिरवायला हवा, त्यासाठी ६८ किंवा १०० ओहमचा रेझिस्टन्स लागतो. १०० चा लावला तर एलईडीतून १० मिलीअँपियरच्या आसपास करंट जातो आणि ती निवांत पेटते. रेझिस्टन्सच नसेल तर ताज्या सेलवर ती भगभगते, गरम होते आणि हळूहळू मंद पडून जाते. घरचे म्हणतात पोराने मोडली. मोडली किट बनवणाऱ्याने, पंचवीस-पन्नास पैशांची वस्तू वाचवून.

पांढऱ्या एलईडीचं उलट आहे. तिला स्वतःलाच जवळपास ३ व्होल्ट लागतात. सेल थोडे उतरले की ती रुसते, आणि त्याच सेलवर लाल मात्र छान पेटते. किटमध्ये दोन्ही रंग असतील तर हा त्यातला सगळ्यात चांगला प्रयोग, आणि बहुधा पुस्तिकेत नसतो. मुलाला फक्त विचारायचं की दोष कोणाचा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची मुभा: आधी एलईडीचे पाय उलटे करून बघ, मग वायर बदल, मग सेल. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि दिवा लागला तर कशाने लागला ते कळत नाही, हे त्याला दुसऱ्या-तिसऱ्या वेळी आपोआप उमगतं. 'हाताचं कौशल्य' म्हणतात त्यापेक्षा दोष हुडकायची ही सवय मला मोलाची वाटते. ज्या पुस्तिकेत 'दिवा लागला नाही तर काय तपासायचं' हे पानच नाही, ते किट मी परत ठेवेन.

कडकभाकरी
रेझिस्टन्सचं पटलं. पण माझा मुद्दा तोच राहिला ना, किटच घ्या.

चौथी_सोंगटी
राहिला नाही. दोष हुडकणंच हवं असेल तर स्कॉटलंड यार्डमध्ये ते दर खेळीला करावं लागतं, आणि सेल उतरत नाहीत.

एक जण मिस्टर एक्स, बाकीचे त्याला पकडणारे डिटेक्टिव्ह. एक्स लपून फिरतो, पण प्रत्येक चालीला टॅक्सी, बस की भुयारी रेल्वे कोणतं तिकीट वापरलं ते दाखवतो. नकाशावर तो कोणत्या ठाण्यावर आहे ते फक्त ३, ८, १३, १८ आणि २४ व्या चालीला उघड करतो. घरोघरी चूक अशी होते की डिटेक्टिव्ह शेवटच्या उघड ठाण्याकडे धावत सुटतात. तोवर एक्स कुठल्या कुठे गेलेला असतो.

यावर उपाय म्हणजे मुगाचे दाणे. तिसऱ्या चालीला एक्स दिसला. पुढच्या चालीला त्याने टॅक्सीचं तिकीट टाकलं, तर त्या ठाण्यापासून टॅक्सीने एका उडीत जिथे जिथे पोचता येतं तिथे एकेक दाणा ठेवायचा. समजा चार ठिकाणी पडले. त्याच्या पुढच्या चालीला बसचं तिकीट पडलं. आता नुसतं पुढे बघायचं नाही, मागेही बघायचं: त्या चारपैकी बस किती ठाण्यांवर थांबते? दोनच निघाली तर बाकीच्या दोन ठिकाणी तो कधी नव्हताच, ते दाणे उचलायचे. उरलेल्या दोन ठाण्यांवरून बसने जिथे जाता येतं तिथे नवे दाणे. जिथे आपलाच डिटेक्टिव्ह उभा आहे तिथे दाणा ठेवायचा नाही. नव्या माहितीने जुना अंदाज मागे जाऊन दुरुस्त करणं दहा वर्षांच्या मुलाला तोंडी समजावून बघा, जांभया देईल. दाणे उचलताना दोन डावांत येतं. एक्सने काळं तिकीट टाकलं की वाहन कळत नाही आणि दाण्यांचा सडा पडतो, तेव्हा घरात आरडाओरडा ठरलेला.

दुसरं म्हणजे तिकिटं. प्रत्येक डिटेक्टिव्हला १० टॅक्सी, ८ बस, ४ भुयारी रेल्वे, आणि वापरलेलं तिकीट एक्सला मिळतं. पहिल्या डावात मुलं रेल्वेची चारही सुरुवातीलाच उडवतात आणि शेवटी बघत बसतात. उडवू द्या, सांगू नका.

कडकभाकरी
नकाशा लंडनचा, गावं अनोळखी, सगळं इंग्रजीत. आजीने काय करायचं? सोलापूरचा असता, सात रस्ता ते अशोक चौक, तर गोष्ट वेगळी.

चौथी_सोंगटी
सात रस्त्याचा नकाशा मलाही आवडेल. पण खेळायला अक्षर वाचावं लागत नाही. ठाण्यांना आकडे आहेत, वाहनांना रंग आहेत. आजींना आकडे येतात ना? अडचण वेगळीच आहे: सगळे डिटेक्टिव्ह एका बाजूचे, त्यामुळे बाबा सगळ्यांच्या सोंगट्या चालवू लागतात आणि मुलगा हमाल होतो. पहिल्या दिवसापासून नियम करा की ज्याची सोंगटी त्याचाच शेवटचा शब्द. आणि रोज संध्याकाळी तिघं जमत नसतील तर घेऊच नका. दोघांतही खेळता येतो, पण एकाने सगळे डिटेक्टिव्ह चालवायचे आणि दुसऱ्याने एक्स व्हायचं, यात रंगत अर्धी होते.

होटगीरोड_आई
माझी मुलगी स्कॉलरशिपला बसतेय. बुद्धिमत्ता चाचणीला यातलं कोणतं जास्त उपयोगी? मार्क वाढतील असं सांगा.

चौथी_सोंगटी
मार्कांचं वचन खोक्यावर छापतात, मी देणार नाही. चाचणीला जुने पेपर सोडवा.

चाटीगल्ली
कंपनीबद्दल कोणी बोलेना. सोपं आहे, आयएसआय मार्क बघा आणि घ्या. मार्क असला की माल उत्तम.

रेझिस्टन्स_६८
अर्धं बरोबर. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा आहे, परदेशी मालालाही. साध्या खेळण्यांना IS 9873, सेलवर चालणाऱ्यांना IS 15644. पण तो मार्क धारदार कडा, सुटणारे बारीक भाग, रंगातलं शिसं, विजेच्या खेळण्याचं तापणं असल्या गोष्टींपुरता. रेझिस्टन्स दिलाय का, पुस्तिका धड आहे का, याच्याशी त्याचा संबंध नाही.

आणि नुसतं चिन्ह बघून भागत नाही, चिन्ह कोणीही छापतो. त्याच्याखाली CM/L ने सुरू होणारा नंबर असतो. फोनवर BIS Care ॲप उघडून तो टाका, लायसन कोणाच्या नावाचं, कोणत्या वस्तूचं आणि चालू आहे का ते दिसतं. ते नाव खोक्यावरच्या 'निर्माता' ओळीशी जुळवा. 'मार्केटेड बाय' वेगळं असू शकतं, त्याने दचकू नका. लायसन भलत्याच वस्तूचं निघालं तर मात्र खोकं खाली ठेवा.

चाटीगल्ली
काही किटांवर 'हे खेळणं नाही, शैक्षणिक साहित्य आहे' असं छापलेलं असतं. त्यांना मार्क लागतो का नाही?

रेझिस्टन्स_६८
माझ्या मते दहा वर्षांच्या मुलाचा फोटो छापून वाढदिवसाला विकायचं आणि वर खेळणं नाही म्हणायचं, ही पळवाट आहे. मी घेणार नाही.

सायकलट्यूब
मला हे पटत नाही. शाळेसाठी चांगलं साहित्य बनवणारे छोटे लोकही तसंच लिहितात, सगळ्यांना एका काठीने हाकू नका. आणि किटच का हवं? होल्डर, मोटर, चार एलईडी, चार रेझिस्टन्स, क्रोकोडाइल क्लिपच्या वायरी रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या सामानाच्या दुकानात सुट्या मिळतात, किटच्या किमतीच्या कितीतरी आत. पुण्याच्या अरविंद गुप्तांनी आयुष्यभर काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबवर विज्ञान शिकवलं.

रेझिस्टन्स_६८
सुटं सामान मलाही आवडतं, फक्त सोबत बसणारं मोठं माणूस हवं. क्लिपच्या वायरी घेताना प्लास्टिकची टोपी मागे सरकवून बघा. तार क्लिपला नुसती दाबून बसवलेली असते, दहा-बारा वेळा ओढली की आतून सुटते आणि बाहेरून शाबूत दिसते. दोन जास्तीच्या घ्या.

चौथी_सोंगटी
गेमच्या बाजूने कंपनीचं एवढंच: स्कॉटलंड यार्ड आपल्याकडे फनस्कूल विकते, जुनी एमआरएफवाल्यांची कंपनी. नकली प्रत ओळखायची तर दुकानातल्या ट्यूबलाइटखाली टॅक्सीची पिवळी आणि बसची हिरवी रेघ वेगळी दिसते का बघा. रेघा एकमेकींत मिसळल्या तर दाण्यांचा हिशेबच चुकतो. नमुन्याचा बोर्ड उघडून दाखवत नसतील तर दुसरं दुकान.

मावशी_जुळे_सोलापूर
आज परत जाऊन आले. किटच्या खोक्यावरचा नंबर ॲपमध्ये टाकला, लायसन चालू आहे, नाव जुळतं. पण यादीत एलईडी तीन आणि रेझिस्टन्स शून्य. दुकानदार म्हणाले, "आतमध्ये असेल." स्कॉटलंड यार्डच्या रेघा नीट वेगळ्या दिसतात. मात्र वहिनी म्हणते बाबा रात्री नऊला येतात, तिघं रोज जमतील याची खात्री नाही.

चौथी_सोंगटी
मुलगा आणि आजी दुपारी असतात ना? दोघांनी सुरुवात करा. आजी एक्स, तो सगळे डिटेक्टिव्ह. रंगत कमी, पण दाणे तोच ठेवेल.

कडकभाकरी
आणि रविवारी पन्नास रुपयांचे एलईडी-रेझिस्टन्स. माझं म्हणणं अजून किटच आहे, फक्त ते खोकं नको.