श्वेतपत्रिकेचा गोषवारा, टिपण की आणखी काही?

धानपट्टा:
आमच्या पाणी वापर संस्थेच्या सभेसाठी महाराष्ट्र सरकारच्या 2012 च्या सिंचन श्वेतपत्रिकेवर दोन पानं तयार करते आहे. मुख्य प्रस्ताव, बाजूचे मुद्दे, विरोधातले मुद्दे आणि खर्च, अशी चार शीर्षकं केली आणि वर ठोकून दिलं "गोषवारा". गावातल्या गुरुजींनी तिथेच अडवलं. म्हणे गोषवारा आकड्यांचाच असतो, तलाठ्याच्या दप्तरातल्या पीक गोषवाऱ्यासारखा. वाक्यांचा असतो तो सारांश. माझे वडील तर कुठल्याही लांबलचक भानगडीचा "गोषवारा सांग" म्हणायचे. बरोबर कोण? शिवाय सारांश म्हटलं की शाळेचा पेपर आठवतो आणि टिप्पणी म्हटलं की सरकारी फाइल.

आणखी एक अडचण आहे. "मुख्य प्रस्ताव" या शीर्षकाखाली लिहायला फारसं काही सापडतच नाही.

भाषाव्रती:
गुरुजी बरोबर आहेत. त्यातही "गोषवारा" हा फारसी शब्द. आपल्याकडे "सारसंक्षेप" असा उत्तम शब्द असताना उसनवारी कशाला? व्युत्पत्ती बघायची तर घोष + वारा, म्हणजे मोठ्याने वाचून दाखवलेला वृत्तान्त, असंही कुणी म्हणेल.

जुना कक्ष:
एकाच दमात फारसीही म्हणता आणि घोषही म्हणता, एक काय ते ठरवा. फारसीत गोश म्हणजे कान आणि गोषवारा म्हणजे कानातला दागिना. हिशेबाच्या भाषेत तोच शब्द जमाखर्चाच्या संक्षेपाला लागला. मूळ अर्थ आकड्यांचा, इथपर्यंत गुरुजी खरे. पण "भाषणाचा गोषवारा" मराठी वर्तमानपत्रं किती पिढ्या छापत आली आहेत. वडीलही खरे.

माझं आयुष्य टिप्पण्या लिहिण्यात गेलं, म्हणून सांगतो. टिप्पणीच्या शेवटी "आदेशार्थ सादर" असतं, म्हणजे वाचणाऱ्याकडून सही हवी असते. तुम्हाला सही नको आहे, सभेला विषय कळायला हवा आहे. "टिपण" पुरे. शब्द मात्र दुय्यम, तुमची दुसरी अडचण खरी. श्वेतपत्रिकेचे दोन प्रकार असतात. 1933 ची ब्रिटिश सरकारची श्वेतपत्रिका प्रस्तावांची होती, तिच्यातून पुढे 1935 चा कायदा आला. 1948 ची संस्थानांच्या विलीनीकरणावरची श्वेतपत्रिका झालेल्या गोष्टींचा जबाब होती. 2012 ची सिंचनाची दुसऱ्या जातीची आहे. सरकारवर प्रश्न आले, सरकारने हिशेब मांडला. अशा कागदातून प्रस्ताव ओढून काढायला गेलात तर विभागाचं स्पष्टीकरणच तुमच्या हातून प्रस्ताव बनून बसेल. शीर्षक बदलून "विभागाचं म्हणणं" करा.

यवतमाळचा पोऱ्या:
ताई, पांढऱ्या कार्डावर धान्य मिळते का म्हणून विचारताय का? आमच्याकडं तर केशरीवाल्यायलेच

धानपट्टा:
भाऊ, ती शिधापत्रिका. ही श्वेतपत्रिका.

यवतमाळचा पोऱ्या:
हाव, नाव वाचूनच लिहून टाकलं. असू द्या, चालू द्या.

भाषाव्रती:
"दुसऱ्या जातीची श्वेतपत्रिका" असं काही नसतं. श्वेतपत्रिका म्हणजे धोरणाचा अधिकृत मसुदा. हिशेबाला अहवाल म्हणावं. लोक चुकीचं वापरतात म्हणून अर्थ बदलत नाही.

जुना कक्ष:
फेब्रुवारी 2024 मध्ये केंद्राने अर्थव्यवस्थेवर श्वेतपत्रिका काढली, तीही मागच्या वर्षांचा हिशेबच. काँग्रेसने तिच्या विरोधात काळी पत्रिका काढली, तोही हिशेबच. नाव ठेवणाऱ्याने काय ठेवलं यापेक्षा आत काय आहे ते वाचा.

पाटकरी:
मले त "सिंचन क्षमता" वाचूनच हसू येते. आमच्या मायनरच्या शेवटावर माह्या दोन बांध्या हायेत. नहर खोदली, गेट बसवलं, तवापासून कागदावर आमी ओलितात. पाणी येते वरच्या गावापर्यंत, तिथंच जिरते. रोवणीच्या टायमाले मी विहिरीवर इंजिन लावतो, डिझेलचा खर्च माह्या खिशातून. आता ताई, तुमच्या टिपणात मी कोणत्या खान्यात?

जुना कक्ष:
पाटकरीभाऊंनी नेमक्या जागी बोट ठेवलं. तुम्ही "निर्मित सिंचन क्षमते"त नक्की आहात, कारण तुमच्या शेतापर्यंत कालवा पोचला. "प्रत्यक्ष सिंचना"त कालव्यातून नाही. पण विहीर लाभक्षेत्रात असेल तर आकडेवारीत "लाभक्षेत्रातील विहिरींवरील सिंचन" असाही रकाना असतो. तुमचं डिझेल तिथून प्रकल्पाच्या नावावर जमा झालेलं असू शकतं.

धानपट्टाताई, आता एक वाक्य धरतो. बहुतेक टिपणांत असतं, "गोसीखुर्द धरणामुळे अडीच लाख हेक्टर सिंचनाखाली." यात तीन वेगळ्या गोष्टी एकाच क्रियापदाखाली कोंबल्या आहेत. सुमारे अडीच लाख हेक्टर हा नियोजनातला आकडा, म्हणजे होणार. कालवे झाले तेवढी निर्मित क्षमता, म्हणजे होऊ शकेल. त्या वर्षी खरोखर पाणी मिळालं, ते झालं. टिपण करणाऱ्याने होणार, होऊ शकेल आणि झालं ही क्रियापदं वेगळी ठेवली तरी निम्मं काम झालं. आणि हे तीन आकडे एकाच वर्षाचे आहेत ना, ते पाहा. नियोजन एका सालचं आणि प्रत्यक्ष दुसऱ्या सालचं घेतलं की तुलना फसते.

भाषाव्रती:
"क्षमता" हा अनुवादच चुकलाय. क्षमता माणसाच्या अंगी असते, जमिनीच्या नव्हे. "सिंचनसंभाव्यता" म्हणावं.

पाटकरी:
संभाव्यता म्हटल्यानं पाणी खाली येईन का? आमच्याकडं सरळ हाय. पाणी आलं त ओलीत, नाही आलं त कोरडवाहू. मधात काही नाही.

धानपट्टा:
"ओलीत" सुचायला हवं होतं मला! घाटावरचे लोक बागायत म्हणतात, आम्ही ओलीत. सभेत "सिंचन" वाचलं की माणसं माना डोलावतात, "ओलीत" म्हटलं की भांडायला उठतात, कारण ते त्यांच्या शेताचं असतं. प्रत्यक्षासाठी "ओलीत झालं" आणि क्षमतेसाठी "नहर पोचली" असं लिहू का?

जुना कक्ष:
लिहा. पण कंसात श्वेतपत्रिकेचा शब्द आणि पान क्रमांक ठेवा. उद्या कुणी सभेत उभं राहून "कुठे लिहिलंय?" विचारलं तर ते पान उघडता आलं पाहिजे.

वर्धेकर:
बाजू-विरोधाचं काय? दहा वर्षांत ओलीत 0.1 टक्का वाढलं हे खरं की 5.17? आम्ही तेव्हा चौकात यावरच भांडत होतो.

जुना कक्ष:
दोन्ही छापील आहेत, पण एका कागदातले नाहीत. 0.1 निघतो राज्याच्या आर्थिक पाहणीतून. एकूण पिकाखालच्या क्षेत्रात ओलिताचा वाटा दहा वर्षांत 17.8 वरून 17.9 झाला, तो हा फरक. श्वेतपत्रिकेने 5.17 सांगितला. शेकडा कशाचा, हे दोन्हीकडे तपासल्याशिवाय एकाला खोटं म्हणू नका. बाजू आणि विरोध मांडताना लक्षात ठेवा, विभागाने लिहिलेल्या कागदात विभागाच्या विरोधातला मुद्दा मिळणार नाही. तो बाहेरून आणावा लागतो, आर्थिक पाहणीतून किंवा 2014 च्या चितळे समितीच्या अहवालातून, आणि कुठून आणला ते त्या ओळीतच लिहावं. नाहीतर वाचणाऱ्याला वाटतं, सरकारनेच कबूल केलं.

धानपट्टा:
मी प्रत्येक ओळीला "म्हणे" लावलं होतं. "क्षमता वाढली म्हणे."

जुना कक्ष:
"म्हणे"त टोमणा आहे. ऐकणारा मुद्द्याआधी तुमची बाजू ओळखतो. "विभागाच्या मते" लिहा.

वर्धेकर:
टोमणा असला तर काय बिघडलं? लोकांना जागं करायचंय की नाही? गोसीखुर्द 1983 ला 372 कोटींचा होता, श्वेतपत्रिकेच्या वेळेला 7,777 कोटी, पुढे 18,494 कोटी. खर्चाखाली एवढंच लिहा: 50 पट खाल्ले.

जुना कक्ष:
"खाल्ले" हा निष्कर्ष झाला, आकड्यातून तो आपोआप निघत नाही. 372 कोटी 1983 च्या दराने आहेत. वाढीत दरसूची येते, भूसंपादन आणि पुनर्वसन येतं, मागून जोडलेल्या उपसा योजना येतात आणि सुरुवातीचा अंदाजच तोकडा धरला असेल तर तेही येतं. गैरव्यवहार असेल तर तो या सगळ्याच्या आत शोधावा लागतो, बाहेरच्या भागाकारातून दिसत नाही. कारणांचे हिस्से वेगळे दिले नसतील तर टिपणात तेच लिहा, की हिस्से वेगळे दिलेले नाहीत. विरोधातला तो सगळ्यात जड मुद्दा ठरतो.

आणि "किंमत" आणि "खर्च" एकमेकांच्या जागी वापरू नका. 18,494 कोटी ही तेव्हाच्या सुधारित प्रशासकीय मान्यतेतली किंमत होती, म्हणजे सुप्रमाची. झालेला खर्च वेगळा आणि दोन्हींतला फरक म्हणजे उर्वरित किंमत. सभेला उपयोगी हीच तिसरी. समजा एखाद्या प्रकल्पाचे 6,000 कोटी उरले आहेत आणि वर्षाला 500 कोटी मिळतात. बारा वर्षं झाली, आणि तोवर दर वाढणार म्हणजे बाराही खोटीच. खर्चाच्या शीर्षकाखाली हा भागाकार द्या, लोक कोटींपेक्षा वर्षं पटकन समजतात.

वर्धेकर:
इतकं सांभाळून लिहिलं की वाचणाऱ्याला राग येतच नाही. तुम्ही कक्षातले लोक असंच लिहीत बसलात म्हणून तर...

पाटकरी:
मले राग येते बाप्पा, तुमी काळजी नका करू. पण आमचा मामा तलाव कुठं मोजला ते कोणी सांगन का? मालगुजाराच्या काळचा हाय, अजूनही अर्ध्या बांध्या त्यावरच पिकतात. या श्वेतपत्रिकेत तो हाय का नाही?

भाषाव्रती:
"मामा तलाव" हे "माजी मालगुजारी" या शब्दांचं लघुरूप आहे, नात्याचा संबंध नाही. लिहिताना "मा. मा. तलाव" असं लिहावं.

पाटकरी:
आमी लहानपणापासून मामाच म्हणतो. तुमी "मा. मा." म्हणा.

जुना कक्ष:
प्रश्न चांगला आहे. तलाव कुणाकडे नोंदला आहे, जिल्हा परिषदेकडे की जलसंपदा विभागाकडे, ते आधी पाहा. जिल्हा परिषदेचा असेल तर मोठ्या-मध्यम प्रकल्पांच्या तक्त्यात तो शोधून सापडणार नाही.

धानपट्टा:
मग तो खालच्या ओळीत "या कागदाबाहेरचं ओलीत" म्हणून देते. गुरुजी मात्र अजून "गोषवारा" खोडून बसलेत, आणि वर त्यांनी "सारांश"ही लिहिलेलं नाही, "माहितीपत्रक" लिहिलंय.

भाषाव्रती:
माहितीपत्रक तर जाहिरातीचं असतं!