मदत हवी आहे: आईचे घोटे संध्याकाळी सुजतात

आम्ही खानापूर तालुक्यातले. आई ७२ वर्षांची, बीपीसाठी ॲम्लोडिपिन घेते. संध्याकाळी दोन्ही घोटे सुजतात, बोटानं दाबलं की खळगा राहतो. उशांवर पाय छातीपेक्षा उंच ठेवून पडली की उतरतं, सकाळी पाय बरे असतात. या गोळीनंही सूज येते हे ठाऊक आहे, पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती बंद करणार नाही.

लोणचं-पापड थांबवलंय, मीठ दिवसाला सगळं मिळून चमचाभरच. शेजारच्या काकू कमी सोडियमचं मीठ घ्या म्हणतात. त्यात पोटॅशियम असतं, मूत्रपिंड कमजोर असेल तर ते घातक, म्हणून आणलं नाही.

आडवं पडल्यावर दम लागत नाही, वजनही एकदम वाढलेलं नाही. मात्र हल्ली सकाळी डोळ्यांखाली फुगतं आणि लघवीला फेस येतो. त्यानं जीव घाबरलाय.

उद्या तिला डॉक्टरांकडे नेतोय. लघवीतलं प्रोटीन आणि रक्तातलं क्रिएटिनिन तपासा म्हणणार आहे. इको पण लगेच करावा का? आणि बेळगावात आधी मूत्रपिंडाचे डॉक्टर गाठावेत की हृदयाचे? कुणाच्या घरी असं झालं असेल तर कृपया सांगा.