अनुभव धागा : दशांशातले तास आणि चोवीस तासांपुढची बेरीज

शिरोलीकर (धागा सुरू करताना)

आमच्या मशीन शॉपमध्ये अंगठ्याच्या हजेरी यंत्रातून जो आठवड्याचा अहवाल निघतो, त्यात कामाचे तास दशांशात येतात. कामगारांना मात्र पगाराच्या चिठ्ठीवर तास आणि मिनिटेच हवी असतात, आणि ते योग्यच आहे. एका टर्नरचे सोमवार ते शनिवारचे आकडे असे आहेत : ८.५, ९.२५, ७.३३, १०.६७, ८.७५ आणि ९.५. दशांशात यांची बेरीज ५४ येते. हेच आकडे तास-मिनिटांत बदलून एक्सेलमध्ये बेरीज केली, तर तळाशी ६:०० दिसते. आपल्यापैकी ज्यांनी असे तक्ते सांभाळले आहेत, त्यांनी आपापली रीत इथे लिहावी, अशी विनंती आहे.

उद्यमनगरकर

मी बरीच वर्षे फाउंड्रीच्या पगारपत्रकाचे काम पाहतो. पहिली गोष्ट अशी की एक्सेलच्या लेखी १ म्हणजे एक तास नव्हे, तर एक पूर्ण दिवस. त्यामुळे ८.५ या आकड्याला थेट वेळेचे रूप दिले, तर तो साडेआठ दिवस समजला जातो आणि सेलमध्ये १२:०० दिसते, कारण आठ पूर्ण दिवस बाजूला पडून उरलेला अर्धा दिवस तेवढा दाखवला जातो. म्हणून आधी २४ ने भागावे लागते. तास A रकान्यात असतील, तर B मध्ये :

```
=A2/24
```

आता ६:०० चे कोडे. तुमची बेरीज चुकलेली नाही, सेलमध्ये २.२५ दिवस, म्हणजे ५४ तासच आहेत. पण `h:mm` हे रूप घड्याळासारखे वागते आणि दर चोवीस तासांनी पुन्हा शून्यावर येते. ५४ मधून ४८ गेले, उरले ६. बेरजेच्या सेलवर Ctrl+1 दाबून Custom मध्ये `[h]:mm` लिहा, म्हणजे ५४:०० दिसेल. तो चौकोनी कंस तेवढा विसरू नका.

कागलवाला

इतकी यातायात कशाला? मी प्रत्येक ओळीत खालील फॉर्म्युला टाकतो आणि तास-मिनिटे लगेच दिसतात. बेरीजही बरोबर येते. माझ्याकडे कधी अडचण आली नाही.

```
=TEXT(A2/24,"[h]:mm")
```

उद्यमनगरकर

कागलवाले, तुम्ही बेरीज `SUM` ने करता की `=B2+B3+B4` असे एकेक सेल जोडून?

कागलवाला

एकेक जोडून. आमच्याकडे सहाच ओळी असतात.

उद्यमनगरकर

मग म्हणूनच चालते आहे. `TEXT` मधून बाहेर येते ती वेळ नसून अक्षरे असतात. अधिक चिन्हाने जोडताना एक्सेल त्या अक्षरांचे पुन्हा वेळेत रूपांतर करून घेते, पण `SUM` ला रकाना दिला की ते अक्षरांकडे पाहतच नाही आणि उत्तर शून्य देते. चिठ्ठीवर छापण्यासाठी तुमचा फॉर्म्युला चांगला आहे. ज्या रकान्याची पुढे बेरीज करायची आहे, तिथे तो नको. ओळखायचे कसे, तर सेलची मांडणी आपण हाताने बदललेली नसेल तर अक्षरे डावीकडे सरकून बसतात आणि खरा आकडा उजवीकडे.

इचलकरंजीची सूत्रधार

माझा प्रश्न याच्याशी जुळतो असे वाटते. आमच्या लूमच्या रात्रपाळीत माणूस २२:०० ला येतो आणि ६:०० ला जातो. वजाबाकी केली की सेलभर #### येते. इथेही २४ ने भागायचे का?

उद्यमनगरकर

नाही ताई, तुमचा प्रश्न वेगळा आहे. तुमच्याकडे घड्याळाची वेळ आहे, तास मोजलेले नाहीत. सहामधून बावीस वजा केल्यावर ऋण वेळ येते आणि एक्सेल ती दाखवू शकत नाही. येण्याची वेळ A मध्ये आणि जाण्याची B मध्ये असेल, तर `=MOD(B2-A2,1)` लिहा, म्हणजे ८:०० मिळेल. त्यापुढे महिन्याची बेरीज करताना मात्र `[h]:mm` तुम्हालाही लागेल.

पंचगंगाकाठ

आमच्या सुपरवायझरांच्या वहीत ८.३० लिहिलेले असते आणि त्याचा अर्थ साडेआठ असतो. त्याला २४ ने भागले की ८:१८ होते, म्हणजे माणसाची बारा मिनिटे गेली. म्हणून अशा वहीसाठी मी वेगळा फॉर्म्युला ठेवला आहे :

```
=INT(A2)/24+ROUND(MOD(A2,1)*100,0)/1440
```

दिवसाची मिनिटे १४४०, म्हणून शेवटी तो भागाकार. रकाना कोणत्या पद्धतीचा आहे हे ओळखण्याची माझी खूण अशी, की बिंदूनंतर कुठेही .६७ किंवा .७५ सारखा आकडा दिसला तर तो दशांश. आणि शेकडो नोंदींत एकही.५९ च्या पुढे गेला नसेल तर ती बहुधा मिनिटे. पण यंत्राच्या अहवालात बंद पडलेल्या दिवसाची नोंद वहीतून उचलून घातली, तर एकाच रकान्यात दोन्ही पद्धती मिसळतात. तिथे ८.३० हा एकटा आकडा पाहून काहीच सांगता येत नाही. वही उघडावीच लागते.

शिरोलीकर

`[h]:mm` केल्यावर ५४:०० दिसले, आभारी आहे. पण आता नवीन तक्रार आली आहे. एका हेल्परचे तीन दिवस प्रत्येकी ७.३३ आहेत. ओळींत ७:१९ तीनदा दिसते, हाताने बेरीज केली तर २१:५७ येते, शीट २१:५९ दाखवते, आणि हेल्पर म्हणतो की मी रोज सात तास वीस मिनिटे केली, म्हणजे २२:०० हवेत.

उद्यमनगरकर

हेल्पर बरोबर आहे. सात तास वीस मिनिटे म्हणजे ७.३३३३…, यंत्राने ते दोन अंकांवर तोडले. ७.३३ तास म्हणजे ७ तास १९ मिनिटे ४८ सेकंद, आणि `h:mm` सेकंद जवळच्या पूर्ण मिनिटात न धरता सरळ लपवते. लपलेले सेकंद बेरजेत मात्र धरले जातात, म्हणून ओळी आणि तळ जुळत नाहीत. टर्नरच्या आठवड्यात हे कळले नाही, कारण त्याचे .३३ आणि .६७ एकमेकांना भरून काढत होते. प्रत्येक ओळच पूर्ण मिनिटांवर आणा :

```
=ROUND(A2*60,0)/1440
```

आता तिन्ही ओळी ७:२० आणि तळाशी २२:००.

जुना लेखापाल

ओळीओळीला पूर्णांक करण्यास माझी हरकत आहे. यंत्राने दिलेला आकडा हाच मूळ पुरावा. तो जसाच्या तसा बेरजेत घ्यावा आणि पूर्णांक फक्त शेवटी करावा, असे मी मानतो.

उद्यमनगरकर

काका, शेवटी केले तर याच हेल्परला २१.९९ तास, म्हणजे २१:५९ मिळतात. मूळ पुरावाच तोडलेला असेल तर?

जुना लेखापाल

तर यंत्राकडून मिनिटांतला अहवाल मागवावा. तोडलेल्या आकड्यावरून अंदाज बांधणे मला पटत नाही.

पंचगंगाकाठ

वाद चालू राहू द्या, पण दर लावताना दोघांनाही एक गोष्ट करावीच लागेल. ५४:०० ला ताशी ७० रुपयांनी सरळ गुणले तर १५७.५० येतात, कारण आत २.२५ आहे. आधी २४ ने गुणा, मग दर लावा, ३,७८० येतील.

शिरोलीकर

यंत्राच्या सेटिंगमध्ये मिनिटांचा पर्याय आहे का, हे पुरवठादाराला विचारले आहे. तोवर या आठवड्याच्या चिठ्ठ्या ओळीओळीला पूर्णांक करून काढतो आणि यंत्राचा मूळ रकाना शेजारी तसाच ठेवतो, म्हणजे काकांना पडताळा घेता येईल.