मदत हवी आहे: O=O मध्ये सगळे इलेक्ट्रॉन जोडीत, मग द्रव ऑक्सिजन चुंबकाला का चिकटतो?

औसेकर_बारावी: लातूरला क्लासमध्ये व्हिडिओ दाखवला. चुंबकाच्या दोन टोकांमध्ये द्रव ऑक्सिजन ओतला, तर निळसर द्रव तिथंच अडकून उकळत राहिला. द्रव नायट्रोजन मात्र सरळ खाली सांडला. वहीत O=O काढलं की दोघांचेही आठ-आठ पुरे होतात, सुटा कुणी उरत नाही. सुटा नसेल तर चुंबक ओढत नाही, हे पण सरांनीच शिकवलंय. मग नेमकं चुकतंय कुठं?

परभणीचा_पोऱ्या: सोपं आहे की. एकच बंध काढ आणि दोन्हीकडं एकेक इलेक्ट्रॉन सुटा ठेव.

सिस्टर_बीड: आमच्या दवाखान्यात द्रव ऑक्सिजनची मोठी टाकी आहे, तिकडंच एमआरआय. ओढली जाईल का हो?

अंबाजोगाईचे_मास्तर: सिस्टर, आतल्या ऑक्सिजनची ओढ फार दुबळी असते. एमआरआयच्या खोलीत लोखंडी सिलिंडर तेवढा नेऊ देऊ नका, खरा धोका त्याचा.

पोऱ्या, सुटे दोन हे बरोबर, पण एकेरी बंध नाही. ऑक्सिजनमधलं अंतर 121 pm भरतं. हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये O–O खरंच एकेरी आहे, तिथं जवळपास 147 आहे. एवढा फरक लपत नाही.

औसेकर, बाहेरचे 6 आणि 6 मिळून 12 घे. खालून भरत ये: σ2s मध्ये 2, σ*2s मध्ये 2, σ2p मध्ये 2, π2p च्या दोन घरांत 4. झाले 10. उरलेल्या दोघांसाठी वर π* ची दोन घरं आहेत, दोन्ही एकाच उंचीवर. शेजारची खोली रिकामी असताना एका खोलीत दोघं कशाला कोंबतील? एकेक बसतात, स्पिनही एकाच दिशेचा. बंध जोडणारे 8, तोडणारे 4, म्हणून (8−4)/2 = 2. बंध दुहेरीच, तरी सुटे दोन. तुझ्या वहीतल्या चित्रात तोडणाऱ्यांना जागाच नाही, म्हणून ते दिसत नाहीत.

परभणीचा_पोऱ्या: बरं, मग हवेतला ऑक्सिजन का नाही चिकटत?

अंबाजोगाईचे_मास्तर: ओढ त्यालाही आहे. पण वायूत रेणू विरळ, आणि उष्णतेनं सैरावैरा पळतात. द्रव −183 अंशांवर, दाटीवाटीनं असतो. म्हणून तिथं डोळ्यांना दिसतं.

औसेकर_बारावी: सर, करून बघितलं. पेरॉक्साइड आयनात अजून दोन इलेक्ट्रॉन टाकले, π* भरलं. (8−6)/2 = 1, सुटा कुणी नाही. म्हणजे ते 147 इथूनच आलं. आणि O2+ मध्ये π* मधला एक काढला तर 2.5, म्हणजे बंध आखडणार?

अंबाजोगाईचे_मास्तर: हाव. 112 pm होतो. इलेक्ट्रॉन काढून बंध मजबूत होतो, कारण काढला तो तोडणारा होता.

परभणीचा_पोऱ्या: निळा रंग पण त्या सुट्या दोघांमुळंच का? एकट्या रेणूचा हिशेब लावतोय, पण जुळत नाही माझा.