सीमेवरून ११२ फिरवताना

> "१८०० वाला नंबर आणि ११२, १०८ दोन्ही फुकटच ना, मग फरक काय?"

१८०० चा नंबर देशभर एकच असतो. नेटवर्क तो मागच्या एखाद्या साध्या नंबरावर वळवतं आणि बिल कॉल घेणारी बँक किंवा कंपनी भरते. १८६० मात्र फुकट नाही, तिथे पैसे आपलेच जातात.

११२, १०८ चं तसं नाही. फोन ज्या टॉवरवर असेल, त्यावरून कॉल कुठल्या नियंत्रण कक्षात जायचा ते ठरतं. आपल्या सीमाभागात खरी अडचण इथेच आहे. समजा, कोगनोळीत अपघात झाला आणि फोनने कागलकडचा टॉवर पकडला, तर ११२ महाराष्ट्रात लागेल. सिम कर्नाटकचं असलं तरी उपयोग नाही. स्क्रीनवर नेटवर्कचं नाव तेच दिसतं, त्यामुळे कळतही नाही.

म्हणून उचलल्याबरोबर आधी "कर्नाटक, निपाणी तालुका, कोगनोळी" सांगा, मग काय झालं ते. जवळच्या पोलीस ठाण्याचा आणि दवाखान्याचा पूर्ण नंबर एसटीडी कोडसकट फोनमध्ये ठेवाच. बेळगाव शहराचा कोड ०८३१. असा नंबर कुठल्याही टॉवरवरून ठरल्या जागीच लागतो.